मिश्रण दोघांपेक्षाही उशिरा उकळलं, तर रीडिंग चुकलं का?

"मॅडम, मी सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्मच्या मिश्रणांचे बॉइलिंग पॉइंट घ्यायचे होते. नुसतं ॲसिटोन ५४.४ ला उकळलं, नुसतं क्लोरोफॉर्म ५९.५ ला. मग १० मिली ॲसिटोन आणि २० मिली क्लोरोफॉर्म एकत्र केलं तर ६२.८ आलं, दोघांपेक्षा जास्त! परत केलं, तेच. पार्टनर म्हणतो आपलं कुठेतरी चुकलंय, राउल्टच्या नियमाने मधेच यायला पाहिजे, ५७.५ लिही आणि सरळ रेषा काढून मोकळी हो. पुस्तकात तर ॲसिटोनचा ५६ आणि क्लोरोफॉर्मचा ६१ दिलाय, म्हणजे थर्मामीटरच बिघडलाय का? गुरुवारी जर्नल द्यायचंय, व्हायवा पण आहे. खोटं लिहावंसं वाटत नाही, पण चुकीचं लिहून मार्क पण घालवायचे नाहीत. काय करू?"

५७.५ लिहू नकोस. ६२.८ बरोबर आहे, आणि नुसतं बरोबर नाही, तू जे प्रमाण घेतलंस ना, १० ला २०, ते नकळत अशा जागी जाऊन पडलंय की जिथे ही जोडी सगळ्यात उशिरा उकळते. ते कसं ते सांगते, पण आधी थर्मामीटरचं मिटवू, कारण तो संशय मनात राहिला तर पुढचं काहीच पटणार नाही.

पुस्तकातले ५६.१ आणि ६१.२ हे आकडे समुद्रसपाटीचे, म्हणजे बाहेरचा दाब ७६० मिमी पारा असतानाचे. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर आहे, इथे हवेचा दाब ७२० मिमीच्या आसपास असतो. द्रव कधी उकळतो, तर त्याचं स्वतःचं व्हेपर प्रेशर बाहेरच्या दाबाइतकं झालं की. इथे बाहेरचा दाबच कमी म्हटल्यावर लवकर उकळणार. आता तुझे आकडे बघ, ॲसिटोन पुस्तकापेक्षा १.७ ने खाली, क्लोरोफॉर्म पण १.७ ने खाली. दाब एवढा कमी झाला की साधारण एवढीच घट यायला पाहिजे. तरी खात्री करायचीच असेल तर डिस्टिल्ड वॉटर उकळून बघ, सोलापुरात ते १०० ला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळायला पाहिजे. तेवढं आलं तर थर्मामीटर चांगला आहे. आणि तुझ्या मिश्रणाचं पुस्तकातलं उकळणं ६४.५ च्या आसपास नोंदलेलंय, त्यातून १.७ वजा करून बघ काय येतं ते.

आता खरी गोष्ट. तुझ्या पत्रात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, की राउल्टचा नियम म्हणजे द्रवाने पाळायची शिस्त, आणि रीडिंग त्यात बसलं नाही तर चूक आपली. बऱ्याच मुलांचं असंच होतं, कारण पुस्तकात आधी नियम येतो, सरळ रेषेचा ग्राफ येतो, आणि मग पुढच्या पानावर 'विचलन' असा शब्द येतो, जसं काही द्रावण वाट चुकलं. फ्रान्समधे ग्रेनोबलला राउल्ट यांनी १८८० च्या दशकात हा नियम मांडला. तो काय म्हणतो, की मिश्रणात एखाद्या द्रवाचा जेवढा वाटा मोलमधे आहे, तेवढ्याच वाट्याने त्याची वाफ वर येईल, निम्मे रेणू ॲसिटोनचे तर ॲसिटोनचं व्हेपर प्रेशर निम्मं. हे कधी खरं होईल? जेव्हा ॲसिटोनच्या रेणूला शेजारी कोण बसलंय याने काहीच फरक पडत नाही तेव्हा. स्वतःच्या जातीचा शेजारी असो की परका, ओढ सारखीच. हेक्झेन आणि हेप्टेनचं असं जवळपास होतं, दोघं एकाच घरचे, एकात सहा कार्बन, दुसऱ्यात सात. पण ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्मला शेजाऱ्याने फार फरक पडतो.

लग्नाच्या मांडवात बघ, मुलाकडचे आणि मुलीकडचे. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नसली, बोलायला विषयच नसला, की जेवण झालं की लोक उठायला लागतात. पण दोन्हीकडच्यांची जुनी ओळख निघाली तर पंगत उठली तरी कुणी हलत नाही. रेणूंचं उठून जाणं म्हणजे वाफ होणं. ओढ वाढली की वर जाणारे कमी, व्हेपर प्रेशर राउल्टच्या रेषेच्या खाली, हे निगेटिव्ह डेव्हिएशन. ओढ घटली की वर जाणारे जास्त, रेषेच्या वर, हे पॉझिटिव्ह.

तुझ्या जोडीत ओढ का वाढली तेही बघ. क्लोरोफॉर्ममधे एका कार्बनवर तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन. तीन क्लोरीन मिळून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे तो एकटा हायड्रोजन धनभाराकडे झुकतो, त्याला कुणाचा तरी ऑक्सिजन पाहिजे असतो. पण नुसत्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीत ऑक्सिजन आहे कुठे? नाही. आणि ॲसिटोनकडे ऑक्सिजन आहे पण द्यायला तसा हायड्रोजन नाही. दोघं आपापल्या बाटलीत अर्धवटच. एकत्र आले की क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन आणि ॲसिटोनचा ऑक्सिजन यांच्यात हायड्रोजन बाँड होतो, जो दोन्ही बाटल्यांत आधी नव्हताच. हे तुला हाताने कळू शकतं. टेस्टट्यूबमधे ५ मिली ॲसिटोन घे, रूम टेंपरेचर नोंदव, त्यात तेवढंच क्लोरोफॉर्म घालून हलवून थर्मामीटर बघ, काही सेकंदात पारा चांगलाच वर सरकतो आणि ट्यूब बोटांना कोमट लागते. आच नाही, काही नाही, नुसती भेट. मी शिकवत होते तेव्हा ग्राफच्या आधी हेच करून दाखवायचे, आणि फ्यूम हूडमधेच, क्लोरोफॉर्मची वाफ हुंगायची गोष्ट नाही.

आता आकड्यांनी बघू, कारण व्हायवाला तुला हेच उपयोगी पडेल. ५५ अंश सेल्सिअसला मोजलेली व्हेपर प्रेशर अशी आहेत: शुद्ध ॲसिटोन ७४१.८ मिमी, शुद्ध क्लोरोफॉर्म ६३२.८ मिमी. तुझं मिश्रण १० मिली आणि २० मिली. ॲसिटोनचा एक मोल साधारण ७३ मिली भरतो आणि क्लोरोफॉर्मचा ८० मिली, म्हणजे तुझ्याकडे ॲसिटोन ०.१३७ मोल आणि क्लोरोफॉर्म ०.२५ मोल, ॲसिटोनचं मोल फ्रॅक्शन ०.३५ च्या आसपास. मोजलेल्या तक्त्यात ०.३६ ची ओळ आहे, आपण तीच घेऊ. राउल्टप्रमाणे ॲसिटोनचा दाब ०.३६ गुणिले ७४१.८, म्हणजे २६७. क्लोरोफॉर्मचा ०.६४ गुणिले ६३२.८, म्हणजे ४०५. बेरीज ६७२. आणि प्रत्यक्ष मोजलेलं? ॲसिटोन २०२.४, क्लोरोफॉर्म ३५९.७, बेरीज ५६२. तब्बल ११० मिमी कमी! आणि हे ५६२ बघ, ते दोन्ही शुद्ध द्रवांपेक्षाही कमी आहे, ७४१ पेक्षा तर आहेच पण ६३२ पेक्षा पण. तुझ्या पार्टनरला हे दाखव, 'मधेच यायला पाहिजे' इथेच संपतं.

आता हेच तुझ्या रीडिंगला जोड. लॅबमधला दाब ७२० धरू. या टप्प्यात तापमान एक अंश वाढलं की व्हेपर प्रेशर अंदाजे २० मिमी वाढतं. ५५ अंशाला ॲसिटोन ७४१ वर आहे, म्हणजे ७२० च्या पुढे गेलेलं, ते ५५ च्या आधीच उकळून बसलं, तुझं ५४.४. क्लोरोफॉर्मला ६३२ वरून ७२० ला पोचायला अजून ८७ पाहिजेत, म्हणजे चार-साडेचार अंश, ५९.४ च्या जवळ. मिश्रणाला ५६२ वरून १५८ पाहिजेत, म्हणजे जवळजवळ आठ अंश, ५५ अधिक ८ म्हणजे ६३. तुझं ६२.८. मी हे कागदावर केलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, इतकी छान रीडिंग आहेत तुझी.

अजून एक गोष्ट त्याच ओळीत लपलीय. वाफेत ॲसिटोनचा वाटा किती? २०२.४ भागिले ५६२, येतं ०.३६. आणि द्रवात किती होता? ०.३६. म्हणजे जे खाली तेच वर. याला अझिओट्रोप म्हणतात, असं मिश्रण उकळताना शुद्ध द्रवासारखं वागतं, तापमान जागचं हलत नाही, आणि डिस्टिलेशनने वेगळं पण होत नाही. म्हणूनच मी म्हटलं तू नकळत नेमक्या जागी पोचलीस, या जोडीचा अझिओट्रोप वजनाने साधारण २० टक्के ॲसिटोन आणि ८० टक्के क्लोरोफॉर्मचा आहे.

यावरून तुझं रीडिंग खरं की खोटं हे ठरवायचा उपाय पण मिळतो. मिश्रण परत लाव आणि निम्मं डिस्टिल होऊ दे, थर्मामीटरकडे बघत राहा. ६२.८ ला थांबून राहिलं तर विषय संपला. मग २० मिली ॲसिटोन आणि १० मिली क्लोरोफॉर्म घेऊन तेच कर, तिथे तापमान एका जागी थांबणार नाही, खाली सुरू होऊन हळूहळू चढत जाईल, कारण आधी ॲसिटोन जास्त निघून जातं आणि मागे राहिलेलं मिश्रण अझिओट्रोपकडे सरकतं. आणि पार्टनरचं समाधान होत नसेल तर त्याच ॲपरेटसवर हेक्झेन-हेप्टेन लावा. तिथे रीडिंग दोघांच्या मधेच येतील. ॲपरेटसमधे खोट असती तर तिथेही बोंब झाली असती. (जुन्या मॅन्युअलमधे यासाठी बेंझीन-टोल्युइन दिलेलं असतं, बेंझीनने कॅन्सरचा धोका असतो, ते नको.)

रीडिंग चुकतं पण, नाही असं नाही, फक्त वेगळ्या तऱ्हेने चुकतं. पोर्सेलिनचे तुकडे टाकले नाहीत तर द्रव उकळायच्या वर तापतो आणि मग एकदम उसळतो, थर्मामीटर अर्धा-एक अंश वरखाली नाचतो. बल्ब द्रवात बुडाला तर जास्त दाखवतो, बाजूच्या नळीच्या फार वर असला तर कमी दाखवतो, तो नळीच्या तोंडापाशी असायला पाहिजे आणि त्यावर द्रवाचा थेंब लटकलेला दिसायला पाहिजे. आणि क्लोरोफॉर्मच्या बाटलीचं लेबल नक्की वाच. बहुतेक क्लोरोफॉर्ममधे ते खराब होऊन विषारी फॉस्जीन होऊ नये म्हणून अर्धा ते एक टक्का इथेनॉल घातलेलं असतं, त्याने नुसत्या क्लोरोफॉर्मचं रीडिंग जरा खाली येऊ शकतं. दोन वेळा केलं आणि दोन्हीवेळा ६२.८, स्थिर, हे उसळण्याचं लक्षण नाही.

व्हायवाला पुढचा प्रश्न पॉझिटिव्हचा येणारच. त्यासाठी नवीन द्रव पाठ करू नकोस, तोच ॲसिटोन घे, फक्त जोडीदार बदल, कार्बन डायसल्फाइड. त्याच्याकडे ॲसिटोनला द्यायला काहीच नाही, उलट ॲसिटोनचे रेणू आपसात जे धरून बसले होते त्यांच्या मधे येऊन बसतो. ओढ घटली, दोघंही पटापट वर जातात. कार्बन डायसल्फाइड एकटा ४६ ला उकळतो, ॲसिटोन ५६ ला, आणि वजनाने दोन तृतीयांश कार्बन डायसल्फाइड असलेलं मिश्रण ३९ च्या आसपासच उकळतं, दोघांच्याही खाली. तुझ्या ग्राफचं अगदी उलटं चित्र. हे फक्त तोंडी सांग, करून बघू नकोस, कार्बन डायसल्फाइडची वाफ ९० अंशाच्या आसपास तापलेल्या वस्तूला लागली तरी पेट घेते, ठिणगीसुद्धा लागत नाही.

इथे एक सावधगिरी, जी मी बारावीपासूनच्या सगळ्याच मुलांना सांगत आलेय. पुस्तकात तक्ता असतो, निगेटिव्ह म्हणजे उष्णता बाहेर पडते आणि आकारमान घटतं, पॉझिटिव्ह म्हणजे उष्णता शोषली जाते आणि आकारमान वाढतं. तुझ्या जोडीत उष्णतेचं बरोबर जमलं, म्हणून हा तक्ता कायदा समजू नकोस. इथेनॉल आणि पाणी घे. ५० मिली आणि ५० मिली एकत्र केलं तर १०० नाही, ९६-९७ मिलीच भरतं, आणि मिश्रण गरम होतं. तक्त्याप्रमाणे हे निगेटिव्ह व्हायला पाहिजे ना? पण ते ठार पॉझिटिव्ह आहे. कारण इथेनॉलच्या कार्बनच्या शेपटीभोवती पाण्याचे रेणू जास्त शिस्तीत बांधले जातात, ओढीने जे कमावलं त्यापेक्षा मोकळेपणा जास्त गमावला, म्हणजे एन्ट्रॉपीचा तोटा, आणि एकूण हिशोबात रेणूंना बाहेर पडणंच सोयीचं होतं. विचलन कुठल्या बाजूचं हे ठरवायचं तर व्हेपर प्रेशर नाहीतर बॉइलिंग पॉइंट मोजूनच ठरवायचं, गरम झालं का गार झालं हा फक्त इशारा.

आणि हे पॉझिटिव्ह प्रकरण आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडापासून फार लांब नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवून स्पिरिट काढतात, उंच उंच कॉलम लावतात, तरी नुसत्या डिस्टिलेशनने इथेनॉल वजनाने साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या वर जात नाही. कारण तिथे अझिओट्रोप बसलाय, ७८.२ ला उकळणारा, शुद्ध इथेनॉलच्या ७८.४ पेक्षा जरासाच खाली, पण तेवढं पुरतं. पेट्रोलमधे मिसळायला जवळपास कोरडं इथेनॉल लागतं, मग उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्ह वापरतात, म्हणजे झिओलाइटचे दाणे, ज्यांच्या छिद्रात पाण्याचा रेणू शिरतो पण इथेनॉलचा शिरत नाही. कुणाच्या घरचं कारखान्यात असेल तर विचार, हे सगळं आतून सांगतील.

आता जर्नलचं. रीडिंग जशीच्या तशी लिही, ५४.४, ५९.५, ६२.८, दोनदा घेतली तर दोन्ही. बॅरोमीटर असेल तर त्या दिवशीचा दाब लिही, नसेल तर सोलापूरची उंची आणि अंदाजे ७२० असं लिही. ग्राफ काढताना शुद्ध द्रवांचे दोन बिंदू तुटक सरळ रेषेने जोड, ती फक्त तुलनेला, आणि तुझा मिश्रणाचा बिंदू तिच्या वर दाखव. तीन बिंदूंवर सुंदर वळण काढत बसू नकोस, अजून दोन-तीन प्रमाणं घ्यायला बुधवारी लॅब मिळाली तर घे, १५ ला १५ आणि २० ला १० तरी. एक गोष्ट विसरू नकोस, व्हेपर प्रेशरच्या ग्राफमधे निगेटिव्ह डेव्हिएशन खाली खोलगट दिसतं आणि बॉइलिंग पॉइंटच्या ग्राफमधे तेच वर उंचवटा दिसतं. मुलं इथेच गडबडतात, उंचवटा बघून पॉझिटिव्ह म्हणून मोकळी होतात.

सर विचारतील की मग हे दोघांचं नवीन संयुगच झालं असं का म्हणायचं नाही, कारण ठराविक प्रमाण, ठराविक बॉइलिंग पॉइंट. तर सांग, बाहेरचा दाब बदलला की अझिओट्रोपचं प्रमाणही बदलतं, संयुगाचं प्रमाण दाबाने बदलत नाही.

राहिलं उरलेलं मिश्रण. ते बेसिनमधे नको, हॅलोजन असलेल्या वेस्टच्या बाटलीत टाक, पण टाकायच्या आधी त्या बाटलीत कुणी कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशचं काही ओतलंय का ते विचार. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकमेकांसोबत नुसते कोमट होतात, पण त्यात तीव्र अल्कली पडला की खरी रिॲक्शन होते आणि इतकी उष्णता निघते की बंद बाटली फुटू शकते. म्हणून ज्या फ्लास्कमधे हे मिश्रण होतं तो अल्कोहोलिक पोटॅशने धुवायला टाकू नकोस, आधी हूडमधे उघडा ठेवून पूर्ण वाळव, आणि लॅब असिस्टंटना सांगून वेस्टच्या बाटलीवर दोन्ही नावं लिहून ठेव.